नाक कुणाचं, हात कुणाचा?

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना खरेदीदाराचा हात नीट पाहावा. अडत दुकानासमोर हळकुंडांचे ढीग ओतलेले असतात. खरेदीदार वाकतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि आतली दोन-चार हळकुंडं वर काढतो. आतली अशासाठी, की वरचा थर जास्त वाळलेला असू शकतो, निवडूनही टाकलेला असू शकतो. एक हळकुंड तळहातावर जरा उडवून तो वजनाचा अंदाज घेतो, अंगठ्यानं पाठ चोळतो आणि दोन्ही हातांत धरून मोडतो. मोडताना तो हळकुंडाकडे बघत असतो, पण खरं लक्ष आवाजाकडे असतं. नीट वाळलेलं हळकुंड खणखणीत मोडतं. त्यात धातूसारखा एक कडक नाद असतो. आत ओल राहिली असेल, तर ते आधी किंचित वाकतं आणि मग दबक्या आवाजात तुटतं.

नंतर तो तुटलेली बाजू उजेडाकडे धरतो. बाहेरून सगळी हळद पिवळीच दिसते, कारण पॉलिशच्या ड्रममध्ये फिरून तिची खरबरीत साल आणि मुळ्या निघून गेलेल्या असतात. खरा रंग आतला, गाभ्यातला. तो गडद केशरी आहे की फिका, कडेपासून मधोमध एकसारखा आहे की मध्ये वेगळा डाग आहे, हे एका नजरेत बघून तो तुकडा नाकाशी नेतो. एवढं सगळं व्हायला चहाचा एक घोट घ्यायला लागेल इतकाच वेळ लागतो. मग पुकारा होतो आणि क्विंटलचा भाव ठरतो. शेतकऱ्याची नऊ महिन्यांची मेहनत त्या एका मोडण्यावर उभी असते.

बाजाराचं वर्णन पाच इंद्रियांनी करावं, असं लिहायला शिकवणारे सगळेच सांगतात. डोळ्यांना काय दिसलं, कानांना काय ऐकू आलं, नाकाला, जिभेला, त्वचेला काय जाणवलं ते लिहा, म्हणजे वाचक तिथं जाऊन पोचेल. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. हळदीच्या बाजारात डोळा, कान, नाक आणि हात ही कामाला लावलेली हत्यारं आहेत. प्रत्येक संवेदना कुणाची तरी आहे, आणि ती कशासाठी तरी घेतलेली आहे. बाजाराचं वर्णन फसतं ते बहुतेक वेळा इथंच. त्यात पाचही संवेदना असतात, पण नाक कुणाचं आणि हात कुणाचा याचा पत्ता नसतो.

शाळेतल्या निबंधांमध्ये हे ठळकपणे दिसतं. ‘आठवड्याचा बाजार’ हा विषय आला की बाजार माणसांनी फुलून जातो, ताज्या भाज्यांचे रंगीबेरंगी ढीग दिसतात, फळांचा सुवास दरवळतो, विक्रेत्यांच्या आरोळ्यांनी परिसर दुमदुमतो आणि शेवटी गरमागरम भज्यांनी तोंडाला पाणी सुटतं. डोळा झाला, नाक झालं, कान झाला, जीभ झाली. मोठ्यांच्या लेखांत आणि कथांतही हेच शब्द थोडे सफाईनं येतात. अशा परिच्छेदाची एक सोपी परीक्षा आहे. त्यातलं गावाचं नाव बदलून बघावं. म्हसवडच्या जागी मंचर घातलं, मंचरच्या जागी म्हापसा घातलं आणि एकही वाक्य अडलं नाही, तर त्या परिच्छेदात कुठलाच बाजार नाही.

हळदीवर असे पाच वाक्यांचे परिच्छेद कसे लिहिले जातात आणि ते कसे दुरुस्त करता येतात, हे एका उदाहरणानं पुढे बघूच. त्याआधी नाकाचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण बाजाराच्या वर्णनात सगळ्यात जास्त भरवसा नाकावर टाकला जातो आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथंच होते.

एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. काही मिनिटांतच त्या वासाची जाणीव बोथट होते. वास हवेत तसाच असतो, पण माणसापुरता तो संपलेला असतो. म्हणून हळदीच्या यार्डात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला जो उग्र, मातकट, घशात उतरणारा वास फाटकाशीच भेटतो, तो अर्ध्या तासानं त्यालाही येत नाही. वर्षानुवर्षं तिथं पोती वाहणाऱ्या हमालाला तर तो येतच नाही. त्याला वास येतो तो नव्या बारदानाचा, शेजारच्या गाड्यावर तेल तापल्याचा, किंवा पाऊस येणार असेल तर लांबून येणाऱ्या ओल्या मातीचा. हमालाच्या नजरेतून हळदीचा बाजार लिहिताना पहिल्या वाक्यात हळदीचा घमघमाट घातला, तर तो हमाल खोटा झाला. तिथं लेखकाचं नाक हमालाच्या तोंडावर बसवलेलं असतं. उलट पहिल्यांदा माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या मुलीबद्दल लिहायचं असेल, तर वास पहिल्याच ओळीत यायला हवा आणि तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात तो नाहीसा व्हायला हवा.

यातून वार्तांकनासाठी एक साधी सवय निघते. बाजारात शिरताना पहिल्या दोन-तीन मिनिटांत वासांची नोंद वहीत करून टाकावी. दिसणारं नंतरही दिसणार आहे, आवाजही ऐकू येत राहणार आहेत. वासाची जाणीव मात्र टिकत नाही.

नोंद करताना ‘सुगंध’ आणि ‘दुर्गंध’ या दोन कप्प्यांत सगळं कोंबू नये. मराठी स्वयंपाकघरात वासासाठी कितीतरी नेमके शब्द रोज वापरले जातात. खवट म्हटलं की तेल किंवा खोबरं जुनं झाल्याचं कळतं. करपट म्हटलं की आच जास्त झाली. कुबट म्हणजे बंद जागेत ओल राहिली, आंबूस म्हणजे आंबायला सुरुवात झाली. यातला प्रत्येक शब्द त्या वस्तूवर काय गुजरलं ते सांगतो. बाजारातल्या माणसाला वासाकडून हीच माहिती हवी असते. हळदीच्या ढिगाला कुबट वास आला, तर तो फक्त नकोसा वाटत नाही. हा माल वाळवताना भिजला असावा आणि साठवला तर बुरशी धरेल, असा त्याचा अर्थ असतो.

हळद शिजवण्याच्या वेळेपासून हे सुरू होतं. शेतात काहिलीत कंद शिजत घातले की ते कधी उतरवायचे हे घड्याळावर पूर्ण सोडता येत नाही. वर फेस येतो, पांढरी वाफ निघू लागते आणि त्या वाफेबरोबर शिजलेल्या हळदीचा खास वास सुटतो. एखादी काडी कंदात टोचून बघतात. ती सहज आत गेली की शिजली. जास्त शिजली तर रंग बिघडतो, कमी शिजली तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होतं. आता अनेक ठिकाणी वाफेवर शिजवायची यंत्रं आली आहेत, तरी काडी टोचून बघणारे हात आहेतच. पुढे दहा ते पंधरा दिवस उन्हात पातळ थर देऊन वाळवायचं, रात्री झाकायचं. ओल्या हळदीचं वजन वाळून साधारण पाचव्या हिश्शावर येतं, जातीप्रमाणे थोडं कमी-जास्त. बाजारातला तो खणखणीत आवाज या सगळ्यातून आलेला असतो. हे ठाऊक असलेला लेखक तो आवाज लिहितो तेव्हा वाचकाला आवाजाबरोबर पंधरा दिवसांचं ऊनही मिळतं.

बाजार लिहिताना संवेदनेला मालक देण्याचं काम ज्या कादंबरीनं फार पूर्वी आणि फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं, ती एमिल झोलाची ‘ल व्हाँत्र द पारी’, म्हणजे ‘पॅरिसचं पोट’. ती 1873 साली आली. पॅरिसच्या मधोमध असलेल्या ‘ले हाल’ या प्रचंड घाऊक बाजारात ती घडते. व्हिक्टर बाल्तार या वास्तुरचनाकारानं उभारलेले लोखंड आणि काचेचे मंडप, प्रत्येक मंडपात वेगळा माल, आणि पहाटेपूर्वीच खेड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या रांगा. झोलाचा मित्र आणि चरित्रकार पॉल अलेक्सी यानं नोंदवून ठेवलं आहे की झोला तिथं उन्हात, पावसात, धुक्यात, बर्फात, सकाळी, दुपारी, संध्याकाळी जात असे, आणि पॅरिसचं अन्न येताना पाहायला मिळावं म्हणून त्यानं एक अख्खी रात्र तिथं काढली होती. बाजाराचा रंग, वास, आवाज दर प्रहराला बदलतो, हे त्यानं चालून मिळवलं होतं.

पण झोलाची खरी हुशारी त्यानं हे सगळं कुणाच्या अंगावर टाकलं त्यात आहे. त्याचा नायक फ्लोरां हा 1851 च्या सत्तापालटानंतर चुकीनं पकडला जाऊन काळ्या पाण्यावर धाडलेला माणूस आहे. तिथून निसटून तो काही वर्षांनी परत येतो आणि पॅरिसच्या वाटेवर भुकेनं कोसळतो. भाजी घेऊन निघालेली एक बाई त्याला आपल्या गाडीवर घेते. अशा रीतीनं उपाशी माणूस भाज्यांच्या राशीवर बसून शहराच्या पोटात शिरतो. मग कोबी, गाजरं, मुळे, सारांची वाफ, पावाचा वास यांपैकी प्रत्येक गोष्ट वाचकाला फ्लोरांच्या रिकाम्या पोटातून भेटते. सुखवस्तू प्रवाशाच्या डोळ्यांनी तीच रास लिहिली असती, तर तिथं सुंदर देखावा उरला असता. उपाशी माणसाला ती रास छळते.

पुढे फ्लोरांला मासळीच्या मंडपात निरीक्षकाची नोकरी मिळते आणि त्या वासानं त्याला मळमळू लागतं. कोळणींना तो वास येत नाही, त्याला येतो, आणि या एका फरकातून तो तिथला नाही हे झोला न सांगता सांगतो. आणखी पुढे चीजच्या दुकानात तीन बायका बोलत बसल्या आहेत. एकीला फ्लोरांचं गुपित कळलेलं आहे आणि ती ते हळूहळू बाहेर काढते आहे. भोवती उन्हानं मऊ पडलेली, पाझरणारी, वेगवेगळ्या वासांची चीजं आहेत. बोलणं जसजसं विखारी होतं, तसतसे वास दाट होत जातात. तिथं वास कथेचं काम करतो. हा प्रसंग युरोपीय कादंबरीतल्या गाजलेल्या वर्णनांपैकी एक मानला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच कादंबरीत काही ठिकाणी मालाच्या याद्या इतक्या लांबतात की फ्लोरां दिसेनासा होतो आणि फक्त माल उरतो. ती पानं आज वाचताना जड जातात. ज्या क्षणी संवेदनेचा मालक वाक्यातून निघून जातो, त्या क्षणी झोलासारख्याच्या हातातलं वर्णनही गोदामातली नोंदवही होतं.

तो बाजार आता तिथं नाही. 1969 साली तो पॅरिसबाहेर राँजीसला हलवला गेला आणि नंतर बाल्तारचे बहुतेक मंडप पाडले गेले. त्याची पहाट कशी होती हे आज त्या कादंबरीतून कळतं.

आता हळदीकडे परत येऊ. समजा, एखाद्या वार्ताहराला सांगलीच्या सौद्यांवर लिहायचं आहे. घाईत लिहिलेला पहिला खर्डा असा असेल:

‘एप्रिलच्या उन्हात हळदीचा बाजार सोन्यासारखा झळकत होता. हवेत हळदीचा सुवास दरवळत होता. व्यापाऱ्यांच्या आरडाओरड्यानं यार्ड दुमदुमून गेलं होतं. हाताला खडबडीत हळकुंडं लागत होती. गोड चहाची चव जिभेवर रेंगाळत होती.’

पाच वाक्यं, पाच इंद्रियं. यात व्याकरणाची चूक नाही आणि माहितीही फारशी खोटी नाही. पण सोन्यासारखं कुणाला दिसलं? ‘हाताला लागत होती’ तो हात कुणाचा? चहा कुणी प्यायला, आणि त्याचा सौद्याशी काय संबंध? शिवाय ‘आरडाओरडा’ हा शब्द बाहेरून बघणाऱ्याचा आहे. तिथं उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आरडाओरडा ऐकू येत नाही. त्याला आकडे ऐकू येतात.

दुरुस्तीची पहिली पायरी लिहिण्याची नाही, उभं राहण्याची आहे. वार्ताहरानं अख्ख्या यार्डात हिंडण्याऐवजी एका माणसाबरोबर एक पूर्ण सौदा संपेपर्यंत उभं राहावं. तो जे करतो ते बघावं आणि नंतर, मोकळ्या वेळात, ‘ते असं का केलंत?’ एवढंच विचारावं. आतलीच हळकुंडं का काढली, मोडून कानाशी का नेलं नाही, वास दोनदा का घेतला. उत्तरं छोटी येतात, पण त्यांतून प्रत्येक हालचालीला कारण मिळतं. परवानगी घेऊन स्वतःचा हातही ढिगात घालावा. वरची हळद उन्हानं तापलेली असते आणि आत हात गेला की गारवा लागतो. ही गोष्ट चार पावलांवरून दिसत नाही.

समजा, माल आणणारा शेतकरी मिरज तालुक्यातला आहे आणि त्याचे दोन ढीग आहेत. पहिला वेळेवर वाळला. दुसरा वाळत असताना अवकाळी पाऊस आला, चार दिवस माल ताडपत्रीखाली पडवीत राहिला आणि नंतर पुन्हा पसरून वाळवला. त्याच्या मते तो वाळला आहे, पण खात्री नाही. आता त्याच सौद्याचा परिच्छेद असा होऊ शकतो:

‘पहिल्या ढिगातली हळकुंडं मोडल्याचे आवाज त्याला पाठ फिरवूनही ऐकू आले. कट्. कट्. त्यामागोमाग अडत्याच्या तोंडचा आकडा वर सरकत गेला. मग माणसं दुसऱ्या ढिगाशी आली. पांढऱ्या शर्टातल्या खरेदीदारानं बाही वर सारली आणि हात आत घातला. कोपरापर्यंतचे केस पिवळे झाले. हळकुंड वर आलं, अंगठ्याखाली फिरलं, किंचित वाकलं आणि मोडलं. आवाज दबका होता. खरेदीदारानं तुकडा नाकाशी नेला आणि तिथंच थोडा वेळ धरला. पडवीत ताडपत्री उचलल्यावर आलेला वास त्या तुकड्यात राहिला असेल का, हे शेतकऱ्याला कळत नव्हतं. सकाळपासून इथं उभं राहून त्याचं स्वतःचं नाक बधिर झालं होतं. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. धूळ कडू लागली. पुकारा सुरू झाला तो पहिल्या ढिगाच्या भावापेक्षा खालून.’

यातही पाचही इंद्रियं आहेत, पण वाचकाला ती मोजावीशी वाटत नाहीत. कान सगळ्यात पुढे आहे, कारण त्या माणसाची भीती आवाजात अडकली आहे. वास आहे, पण तो खरेदीदाराच्या ताब्यात आहे आणि शेतकऱ्याला मिळत नाही. बाजारात संवेदनांची अशी वाटणी असते. एकाला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही आणि व्यवहार त्या फरकावर चालतो. चव तीन शब्दांत आली. हळदीच्या बाजारात चवीला तेवढीच जागा आहे. आधीच्या खर्ड्यातला चहा पाचवं इंद्रिय भरून काढण्यासाठी आणलेला होता. सोनं, झळकणं, दुमदुमणं गेलं आणि कोपरापर्यंतचे पिवळे केस आले. वाचकाला रंग दिसायला तेवढे पुरतात.

सगळ्या बाजारांत कानच पुढे असेल असं नाही. हळदीच्या यार्डापासून फार लांब नसलेल्या कोल्हापूरच्या गूळ बाजारात डोळा आणि जीभ यांचं भांडण असतं. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढतात, आणि नीट केलेला गूळ तांबूस, सोनेरी, कणीदार होतो. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला पिवळाधमक गूळ आवडतो, म्हणून काही ठिकाणी रंग उजळण्यासाठी हायड्रोस नावाचं रसायन वापरलं जातं. तसा गूळ काही काळ ठेवला की पुन्हा काळवंडतो. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ दिसायला चांगला असूनही जिभेला खारट लागतो. रस जास्त आटला तर करपट चव येते. म्हणून जाणकार ढेपेचा कोपरा नखानं उचकटतो, कण चिमटीत चुरडून बघतो आणि जिभेवर ठेवतो. डोळ्यानं दिलेला भाव जीभ खाली आणू शकते. गुळाच्या बाजाराबद्दल लिहिणाऱ्याला हे भांडण सापडलं, तर त्याच्या परिच्छेदाला आपोआप गोष्ट मिळते. दोन इंद्रियं एकमेकांना दुजोरा देत असतील, तर त्यांतलं एक गाळता येतं. ती एकमेकांच्या विरोधात साक्ष देत असतील, तर दोन्ही ठेवावी लागतात.

गुरांच्या बाजारात सगळा व्यवहार हाताचा. बैलाचं तोंड उघडून दात बघतात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, असं वय सांगतात. खांद्यावरून हात फिरवून जुवाचे घट्टे बघतात, चालवून पायाची लय बघतात. आणि भाव ठरायची वेळ आली की कधी कधी रुमालाखाली दोन हात एकमेकांत जातात. बोटं दाबून आकडा सांगायचा, बोटं दाबूनच नाकारायचा. चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही. धान्याच्या आणि इतर शेतमालाच्या बाजारांतही हा गुप्त सौदा चालत असे, त्याला ‘हत्ता पद्धत’ म्हणतात. त्यात शेतकरी स्वतःच्याच मालाच्या भावापासून बाहेर राहायचा. दोन हात बोलायचे आणि त्यांतला एकही त्याचा नसायचा. मुंबई प्रांतात 1939 साली आणि पुढे महाराष्ट्रात 1963 साली शेतमाल बाजाराचे कायदे आले. नियमन केलेल्या बाजारात उघड पुकाऱ्याचा लिलाव आला, तो अशा गुप्त सौद्यांना पर्याय म्हणून.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ही माहिती फार कामाची आहे. लिलावाचा मोठा आवाज हा नुसता गोंगाट नाही. भाव सगळ्यांना ऐकू यावा यासाठी तो आवाज आहे. रुमालाखालची शांतताही नुसती शांतता नाही. तिथं कुणापासून तरी काहीतरी लपवलं जातं आहे. ‘बाजारात कोलाहल होता’ असं लिहिणाऱ्यानं यातलं काहीच ऐकलेलं नसतं. त्यापेक्षा आकडा पुकारणारा कुठल्या क्षणी थांबला, कुणाकडे बघून थांबला, आणि तो थांबल्यावर गर्दीत कोण खोकलं, हे लिहिणाऱ्यानं बाजार ऐकलेला असतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. संवेदनेला मालक देताना लेखक त्या माणसाच्या डोक्यात शिरतो आणि वार्तांकनात ते जोखमीचं असतं. शेतकऱ्याचं नाक बधिर झालं होतं हे त्यानं स्वतः सांगितलं असेल तरच बातमीत लिहावं. कथेत ती मोकळीक आहे, लेखात नाही. वरचा परिच्छेद ‘समजा’ म्हणून लिहिला आहे तो यासाठीच. खऱ्या माणसाबद्दल लिहिताना दिसलेली हालचाल आणि त्यानं दिलेलं उत्तर एवढ्यावर थांबावं लागतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. दुसरी मर्यादा प्रमाणाची. एकाच परिच्छेदात पाचही इंद्रियं येणं हा योगायोग असावा, नियम नसावा. दोन नेमक्या संवेदनांवर उभा असलेला परिच्छेद पाच ढोबळ संवेदनांवरच्या परिच्छेदापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो. चव नसेल तर नसू दे. कापडबाजारात जिभेला काम नाही, आणि तिथं उगाच कुल्फी आणून बसवली की वाचकाला ती बसवलेली कळते.

हे सगळं शाळेत शिकवता येतं, आणि शिकवायला सोपं आहे. मराठीच्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. ‘आठवड्याचा बाजार’ हा विषय एक वर्ष बाजूला ठेवा. मुलांना घरून सांगतील ती एक वस्तू आणायला खरंच बाजारात पाठवा. अर्धा किलो वांगी, पाव किलो शेंगदाणे, एक नारळ, काहीही चालेल. आल्यावर एवढंच लिहून घ्या, की ती वस्तू कशी निवडली, विकणाऱ्यानं कशी निवडायला सांगितली, आणि कुठली बाजूला टाकली. नारळ निवडणारा मुलगा तो कानाशी हलवून बघेल, शेंगदाणे घेणारी मुलगी एक दाणा चावून बघेल, वांगी घेणारा देठ आणि भोकं बघेल. निबंध दहा ओळींचा होईल, पण त्यातलं गावाचं नाव बदलता येणार नाही.